फायनल चित्रात चुकीचा शब्द गेला, आता क्लायंटला माफीचा मेल कसा लिहायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये गंगापूर रोडला माझं फोटो एडिटिंग आणि डिझाइनचं छोटं काम आहे. मी आणि एक सहकारी, दोघंच. आमची गिऱ्हाइकं जास्त करून निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागातली: द्राक्षं, बेदाणे, मसाले, लग्नाचे हॉल. या धंद्यात नवीन आलेली मुलं मला हा प्रश्न फोन करून विचारतात, आणि विचारताना त्यांचा आवाज कापत असतो. माझ्याकडून झालेली एक चूक आणि त्यावर लिहिलेले दोन मेल, एक वाईट आणि एक बरा, यांच्या आधारानं इथे उत्तरं दिली आहेत.

नेमकी चूक काय झाली होती?

एका बेदाणा उत्पादक ताईंचे दोन माल होते, सोनेरी बेदाणा आणि तपकिरी बेदाणा. सोनेरी रंग टिकावा म्हणून शेडमध्ये बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, त्यामुळे त्या पाकिटावर "सल्फरयुक्त" असं लिहावंच लागतं. तपकिरी माल धुरी न देता वाळवलेला, म्हणून त्याच्या चित्रावर खाली गोल शिक्क्यात "सल्फरमुक्त" हवं होतं.

बुधवारी मी प्रूफ पाठवलं. त्यात शब्द बरोबर होता. ताईंनी वाचून "ओके" कळवलं. शुक्रवारी त्यांना त्याच चित्राचे चार आकार हवे होते: वेबसाइटसाठी आडवं, स्टिकरसाठी छपाईचं, ग्रुपवर पाठवायला चौकोनी आणि स्टेटससाठी उभं. चौकोनी आणि उभ्या आकाराची मांडणी सोनेरी मालासाठी आधीच तयार होती, म्हणून ती फाइल सेव्ह ॲज करून त्यात फोटो, नाव आणि रंग बदलले. शिक्क्याचा लेअर तसाच राहिला. संध्याकाळी ६.४० ला चारही फाइल गेल्या. त्यातल्या दोन चित्रांत सल्फरमुक्त बेदाणा "सल्फरयुक्त" झाला होता.

शनिवारी सकाळी ९.१० ला ताईंचा फोन आला. मालेगावच्या एका दुकानदारानं त्यांना विचारलं होतं, "ताई, तुम्ही तर म्हणत होता धुरी देत नाही?"

एवढा मोठा शब्द कोणाच्याच नजरेत कसा आला नाही?

मीही त्या रात्री हेच स्वतःला विचारत होतो. चौकोनी चित्र १०८० पिक्सेल रुंद होतं आणि शिक्क्यातल्या अक्षरांची उंची साधारण २२ पिक्सेल. फोनवर ते चित्र सहा-साडेसहा सेंटिमीटर रुंद दिसतं, म्हणजे अक्षर उरतं जेमतेम सव्वा मिलिमीटरचं. त्या आकारात "मु" आणि "यु" यांत दिसण्यासारखा फरक राहत नाही. दोन्हींना उजवीकडे काना, खाली तोच उकार, पुढे तोच "क्त". म ची गाठ आणि य चा वळसा, एवढाच काय तो भेद.

शिवाय दोन्ही शब्द शुद्ध आहेत. चुकीचं शुद्धलेखन डोळ्याला खुपतं, बरोबर लिहिलेला उलट अर्थाचा शब्द खुपत नाही. शुद्धलेखन तपासणाऱ्या कुठल्याही साधनालाही त्यात काही सापडणार नाही.

आधी फोन की आधी मेल?

आधी फोन. चूक तुम्हाला आधी कळली असेल तर क्षणाचाही विचार न करता फोन. मेल लिहायला पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात चित्र आणखी चार ग्रुपवर जातं. फोनवर दोनच गोष्टी सांगायच्या: अमुक चित्रात अमुक शब्द चुकला आहे, आणि ते चित्र आता पुढे पाठवू नका. खुलासा तेव्हा नको, समोरचा माणूस तो ऐकण्याच्या स्थितीत नसतो.

मेल तरीही लिहायचाच. फोनवरचं बोलणं हवेत विरतं. क्लायंटला नंतर भावाला, मुलाला, वितरकाला, छपाईवाल्याला नेमकं काय झालं ते दाखवावं लागतं, आणि तेव्हा त्यांच्या हातात लेखी काहीतरी असावं लागतं.

तुमचा पहिला मेल वाईट का होता?

शनिवारी फोन ठेवल्यावर पंधरा मिनिटांत मी हा मेल पाठवला:

> विषय: दिलगिरी
>
> नमस्कार ताई,
> काल पाठविलेल्या डिझाइनमध्ये नजरचुकीने एक शब्द चुकीचा गेला आहे. आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. दुरुस्त फाइल सोबत जोडली आहे. कृपया समजून घ्यावे.
> धन्यवाद.

वरवर पाहता नम्र आहे, पण ओळीओळीत घोळ आहे. कोणता शब्द, ते लिहिलेलं नाही. चारपैकी कोणती चित्रं चुकली आणि कोणती बरोबर, ते नाही. त्यामुळे ताईंनी स्टिकरची छपाईही थांबवली, जी थांबवण्याची गरज नव्हती. "चुकीचा गेला आहे" या रचनेत शब्द आपल्या पायानं चालत गेल्यासारखा वाटतो, पाठवणारा कुठे दिसतच नाही. "नजरचुकीने" हा शब्द आपण माफीत इतक्या सवयीनं घालतो की त्यातली सबब आपल्याला ऐकू येत नाही, पण वाचणाऱ्याला ती पहिल्यांदा ऐकू येते. "गैरसोयीबद्दल दिलगीर" हे पाणीपुरवठा बंद असल्याच्या फलकावरचं वाक्य. ताईंची गैरसोय झाली नव्हती, त्यांच्या शब्दावरचा दुकानदाराचा विश्वास हलला होता. आणि "समजून घ्यावे" म्हणजे तर चूक आमची आणि काम तुमचं.

खरं नुकसान मात्र जोडलेल्या फाइलनं केलं. जुन्या चित्राचं नाव होतं `final.jpg`. दुरुस्त चित्राचं नावही मी `final.jpg` च ठेवलं. ताईंच्या फोनवर दुसरं चित्र `final (1).jpg` म्हणून उतरलं. घाईत त्यांनी साहजिकच `final.jpg` निवडलं आणि साडेदहाला "दुरुस्त चित्र" म्हणून तेच चुकीचं चित्र वितरकांच्या ग्रुपवर दुसऱ्यांदा गेलं. माझ्या माफीच्या मेलनंच चूक पुन्हा फिरवली.

मग बरा मेल कसा होता? पूर्ण दाखवाल का?

११.०५ ला हा पाठवला. गावं आणि वेळा तशाच ठेवल्या आहेत, नावं काढली आहेत.

> विषय: जुनं चित्र थांबवा – तपकिरी बेदाणा, "सल्फरयुक्त" हा शब्द चुकीचा
>
> आदरणीय ताई,
> सप्रेम नमस्कार.
>
> काल संध्याकाळी ६.४० ला मी पाठवलेल्या तपकिरी बेदाण्याच्या चार चित्रांपैकी दोन चित्रांत "सल्फरमुक्त" ऐवजी "सल्फरयुक्त" हा शब्द आहे. ही चूक माझी आहे. तुम्ही बुधवारी पाहून होकार दिलेल्या प्रूफमध्ये शब्द बरोबर होता, तुमच्या तपासणीत काही राहिलेलं नाही. आकार बदलताना मी सोनेरी बेदाण्याची फाइल वापरली आणि त्यातला शिक्का बदलायचा राहिला.
>
> चुकीची चित्रं: चौकोनी (ग्रुपचं) आणि उभं (स्टेटसचं).
> बरोबर चित्रं: स्टिकरचं आणि वेबसाइटचं. ही दोन्ही आत्ता पुन्हा वाचून पाहिली. स्टिकरची छपाई सुरू ठेवायला हरकत नाही.
> सोनेरी बेदाण्याची सगळी चित्रंही तपासली, त्यांत "सल्फरयुक्त" हा शब्द बरोबर आहे.
>
> सकाळी ९.२५ च्या मेलमध्ये मी दुरुस्त चित्राला जुनंच नाव दिलं, त्यामुळे १०.३० ला जुनं चित्र पुन्हा ग्रुपवर गेलं. तीही चूक माझीच. आता नवीन चित्रांची नावं वेगळी आहेत:
> bedana-tapkiri-chaukoni-v4.jpg
> bedana-tapkiri-status-v4.jpg
> ज्याच्या नावात v4 नाही ते चित्र कृपया फोनमधून काढून टाका.
>
> वितरकांना पाठवायला मजकूर खाली दिला आहे, हवा तसा बदलून घ्या:
> "आमच्या तपकिरी बेदाण्याच्या कालच्या चित्रावर डिझाइन करताना 'सल्फरयुक्त' असा चुकीचा शब्द पडला होता. हा माल सल्फरमुक्त आहे. कृपया जुनं चित्र काढून हे नवीन चित्र वापरावं."
>
> जुन्या चित्राच्या रंगीत प्रती काढल्या असतील तर बिलाचा फोटो पाठवा, ती रक्कम मी आजच देतो. दुपारी ३ वाजता मी फोन करतो, तोपर्यंत कुठे जुनं चित्र दिसलं तर लगेच कळवा.
>
> तुम्ही दुकानदारांना स्वतःच्या तोंडानं जे सांगता त्याच्या उलट माझ्या चित्रानं सांगितलं, याचं मला फार वाईट वाटतं. मी तुमची माफी मागतो.
>
> आपला,
> (नाव, फोन)

चुकीचा शब्द मेलमध्ये जसाच्या तसा लिहायचा? लाज वाटते.

लिहायचाच, अवतरणचिन्हात, आणि शेजारी बरोबर शब्द. क्लायंटला तो शब्द चित्रात शोधायचा असतो, वितरकाला फोनवर सांगायचा असतो. "एक शब्द", "किरकोळ मिस्टेक", "टायपिंग एरर" असं लिहिलं की शोधण्याचं काम त्यांच्यावर पडतं. "किरकोळ" तर मुळीच नको, चूक किरकोळ आहे की नाही हे ठरवायचा हक्क तिचा भार उचलणाऱ्याला.

विषयाच्या ओळीतही तो शब्द घाला. फोनवर विषयाचे सुरुवातीचे चार-पाचच शब्द दिसतात, म्हणून "जुनं चित्र थांबवा" हे सगळ्यात पुढे ठेवलं.

"माफी", "क्षमस्व", "दिलगीर" यांतलं काय वापरावं?

"दिलगिरी" हा कार्यालयांचा शब्द झाला आहे. संस्था व्यक्त करते, माणूस मागत नाही. "क्षमस्व" नेमका आहे, पण एकटाच लिहिला की कोरडा वाटतो. उशीर झाला, फोन उचलता आला नाही, तेवढ्यासाठी ठीक. "मी तुमची माफी मागतो" यात मागणारा कोण आणि कोणाकडे, दोन्ही आहे. मला हेच बरोबर वाटतं. एकदाच लिहा. मी आधी तीनदा लिहिलं होतं, मग दोन खोडले. तीनदा माफी मागितली की समोरच्याला "असू दे हो" म्हणावं लागतं, म्हणजे समोरच्यानंच आपली समजूत काढायची.

ती ओळ शेवटी का, असंही विचारतात. पहिल्या परिच्छेदात "ही चूक माझी आहे" येऊन गेलेलं आहे. त्यानंतर ताईंना हवी होती कामाची माहिती. मनातलं तिच्यानंतर.

संबोधनाबद्दल एवढंच की रोज ज्यांना "ताई" म्हणता त्यांना माफीच्या दिवशी अचानक "महोदया" करू नका, घाबरून अंतर ठेवल्यासारखं दिसतं.

चूक सहकाऱ्यानं केली असेल तर तसं लिहावं का?

नाही. आमच्याकडे त्या दिवशी आकार सहकाऱ्यानं बदलले होते. पण फाइल माझ्या नावानं गेल्या, पैसे माझ्या खात्यात आले आणि पाठवण्याआधी वाचून पाहणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. मेलमध्ये "मी". घरातलं घरात.

कारण किती सांगावं?

एक वाक्य. "आकार बदलताना सोनेरी बेदाण्याची फाइल वापरली आणि शिक्का बदलायचा राहिला." एवढं कारण लागतं, कारण त्यातून पुढचा प्रश्न उभा राहतो: म्हणजे आणखी कुठे असं झालं असेल का? त्याचं उत्तर मेलमध्ये लगेच द्यायचं. शुक्रवारी लाइट गेली होती, तीन कामं एकदम आली होती, हे सगळं खरं होतं, आणि यातलं काहीही ताईंच्या उपयोगाचं नव्हतं.

सोनेरी बेदाण्याची चित्रं का तपासली? ती तर चुकली नव्हती.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोन मालांच्या फाइल एकमेकींतून तयार झाल्या असतील आणि एका बाजूला शब्द उलटा गेला असेल, तर दुसऱ्या बाजूलाही गेलेला असू शकतो. सल्फरमुक्त मालावर "सल्फरयुक्त" पडलं तर विक्रीचं आणि विश्वासाचं नुकसान. उलट झालं, धुरी दिलेल्या मालावर "सल्फरमुक्त" पडलं, तर काही दमेकऱ्यांना सल्फाइटनं त्रास होतो, ते चित्र पाहून विकत घेतील आणि खातील. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांत किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते लेबलवर जाहीर करायला सांगितलं आहे, ते याचसाठी.

म्हणून कुठल्याही उलट अर्थाच्या चुकीनंतर जोडीची फाइल आधी उघडायची. ती चुकलेली निघाली तर मेलनं भागत नाही. क्लायंटला फोनवर स्पष्ट सांगायचं की चुकीचं लेबल लागलेला माल विक्रीतून बाजूला काढा आणि तुमचं फूड लायसन्सचं काम जो पाहतो त्याच्याशी आत्ता बोला. पुढे काय करायचं ते डिझाइनरनं ठरवू नये.

दुरुस्त चित्र कसं पाठवायचं?

वेगळ्या नावानं, हे वर आलंच. त्यात एक खाच आहे. व्हॉट्सॲपवर चित्र फोटो म्हणून पाठवलं की तुम्ही दिलेलं नाव राहत नाही, चित्र दाबलंही जातं आणि बारीक अक्षरं आणखी पुसट होतात. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवलं तर नाव आणि दर्जा दोन्ही टिकतात. दुरुस्त फाइल नेहमी डॉक्युमेंट म्हणून द्या.

आणि मूळ पीएसडीत शब्द बदलून नव्यानं एक्स्पोर्ट करा. तयार जेपीजीवर पांढरी पट्टी मारून वर नवीन शब्द टाकायचा मोह होतो, दोन मिनिटांत काम होतं. पण मूळ फाइलमध्ये चूक तशीच झोपलेली राहते आणि दिवाळीच्या ऑफरला तीच फाइल उघडली की पुन्हा बाहेर येते.

बाहेर गेलेली जुनी चित्रं परत घेता येतात का?

थोडीफार. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज सर्वांसाठी डिलीट करायला सुमारे अडीच दिवस मिळतात, पण तो पाठवणाऱ्याला किंवा ग्रुपच्या ॲडमिनलाच करता येतो, आणि ज्यांनी पुढे फॉरवर्ड केला त्यांच्याकडची प्रत तशीच राहते. स्टेटस २४ तासांत आपोआप जातं, तरी वाट न पाहता काढायला सांगा. इन्स्टाग्रामवर टाकलेल्या पोस्टमधलं चित्र बदलता येत नाही, फक्त खालचा मजकूर बदलतो, म्हणून पोस्ट काढून नवीन टाकावी लागते. वेबसाइटवर नवीन चित्र जुन्याच नावानं चढवलं तर लोकांच्या ब्राउझरला साठवलेलं जुनं चित्र काही काळ दिसत राहतं, तिथेही नवीन नाव बरं.

हे सगळं क्लायंटला करायचं असतं, म्हणून मेलमध्ये तयार मजकूर देणं उपयोगी पडतं. ताईंनी माझी तीन वाक्यं जशीच्या तशी पाठवली. त्यात "डिझाइन करताना" हे शब्द मी मुद्दाम घातले होते. चूक त्यांच्या मालात नव्हती, चित्रात होती, हे वितरकाला त्यांच्याऐवजी माझ्या खात्यावर वाचायला मिळावं म्हणून.

पैसे परत द्यावेत का? पुढच्या कामात सूट?

चुकीमुळे क्लायंटच्या खिशातून जे गेलं ते भरून द्यावं, न मागता. ताईंनी पिंपळगावात जुन्या चौकोनी चित्राच्या ४० रंगीत प्रती काढल्या होत्या, ते बिल मी दिलं. दुरुस्तीचे पैसे अर्थातच लावायचे नाहीत.

पुढच्या कामात सूट मात्र माफीच्या मेलमध्ये लिहू नका. ज्या माणसाला तुमच्याकडे पुन्हा यायचं की नाही हेच ठरवायचं आहे, त्याला तुम्ही पुढच्या कामाचा दर सांगता आहात. द्यायचीच असेल तर पुढचं बिल करताना गुपचूप द्या.

चूक क्लायंटनं दिलेल्या मॅटरमध्येच असेल तर?

मग माफीचा मेल लिहू नका, दुरुस्तीचा लिहा. "तुम्ही पाठवलेल्या मॅटरमध्ये हा शब्द असा होता, तो असा हवा असं वाटतं, बदलून पाठवू का?" कोणाची चूक हे मॅटरचा मेसेज जोडला की आपोआप दिसतं, शब्दांत सांगावं लागत नाही.

साधी शुद्धलेखनाची चूक असेल तरी एवढा मोठा मेल?

नाही. "वर्धापनदिन" च्या जागी "वर्धापन दीन" गेलं, तर तीन ओळी पुरतात: कुठे चुकलं, माझी चूक, नवीन फाइल सोबत. पण पाठवा. "दीन" म्हणजे दुबळा, आणि पंचवीस वर्षं पूर्ण केलेल्या पतसंस्थेच्या फ्लेक्सवर तो शब्द चौकात आठवडाभर दिसतो.

श्रद्धांजलीच्या किंवा पुण्यतिथीच्या चित्रात चूक झाली तर?

मेल नंतर. "पुण्यतिथी" च्या जागी "जयंती" छापलं गेलं असेल तर गाडी काढा आणि त्यांच्या घरी जा. दारात उभं राहून सांगा. बदललेलं चित्र सोबत घेऊन जा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून मेलमध्ये काय लिहावं?

"पुढे काळजी घेऊ" हे वाक्य लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. खरोखर काही बदललं असेल तर तेवढंच लिहा. आम्ही दोन गोष्टी बदलल्या आणि त्या ताईंना आठवड्यानंतर सांगितल्या, त्या सकाळी नाही.

पहिली, फायनल फाइल आता दोघांनी वाचायची. एक्स्पोर्ट झालेली जेपीजी उघडून एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं क्लायंटचं मूळ मॅटर समोर धरायचं. वाचणाऱ्यानं खालून वर यायचं, कारण वरून वाचताना बारीक शिक्क्यापर्यंत पोचेस्तोवर डोळा थकतो आणि मन पुढचं ओळखून घेतं. सहकाऱ्यानं "सल्फर... युक्त" असं तोंडानं म्हटलं असतं तर मला तिथल्या तिथे कळलं असतं. कानाला म आणि य सारखे नाहीत.

दुसरी गोष्ट फोटोशॉपमधली. मंजूर प्रूफ आणि नवीन फाइल एकावर एक ठेवायच्या आणि वरच्या लेअरचा ब्लेंड मोड `Difference` करायचा. जे जुळतं ते काळं होतं, जे वेगळं आहे ते उजळून दिसतं. जेपीजीच्या दाबामुळे काळ्यात थोडी भुरभुर दिसते, ती सोडून द्यायची. आकार वेगळे असतील तर पूर्ण चित्र जुळत नाही, म्हणून प्रूफमधला फक्त शिक्का कापून, मोठा-लहान करून नव्या शिक्क्यावर बसवायचा. त्या शुक्रवारच्या फाइलवर मी नंतर हे करून पाहिलं. सगळा शिक्का काळा झाला आणि मधोमध एकच अक्षर चमकत राहिलं.

जीमेल वापरत असाल तर सेटिंगमध्ये पाठवलेला मेल रद्द करायची मुदत ३० सेकंदांवर नेऊन ठेवा, ती ५, १०, २० किंवा ३० अशी मिळते. जोडलेली फाइल एकदा पुन्हा उघडून पाहायला तेवढा वेळ पुरतो.

मेलला उत्तरच आलं नाही तर?

दुसरा मेल लिहू नका. सांगितलेल्या वेळी फोन करा. मी ३ ला केला तेव्हा ताई शेडवर होत्या. एवढंच म्हणाल्या, "पाठवलं सगळ्यांना. मालेगाववाल्याशी मी बोलले." रागात होत्या, आणि तो राग त्यांनी लपवला नाही. मीही "आता राग गेला ना?" असं विचारलं नाही.

सोमवारी सकाळी मी त्यांच्या वितरकांची स्टेटसं त्यांच्याकडून मागवून एकेक पाहिली. येवल्याच्या एका दुकानदाराच्या स्टेटसवर जुनं चित्र अजून होतं, रविवारी रात्री टाकलेलं. ताईंना कळवलं, त्यांनी फोन केला, दहा मिनिटांत ते उतरलं. मग नव्या स्टेटसचा स्क्रीनशॉट त्यांनी मला पाठवला. मी तो मोठा करून शिक्का वाचला.